अण्णांचा गुलाब आणि नातवाचं स्टिकर

*माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर त्यांचा गुलाब, उगवता सूर्य नाहीतर सुविचार यायचा. मागच्या आठवड्यात पुण्याच्या पुतण्यानं अण्णांच्याच फोटोचं 'मेमरी फुल्ल' असं स्टिकर करून टाकलं. सगळे हसले, मीही हसणारा चेहरा टाकला. तेव्हापासून अण्णांचा मेसेज बंद. विचारलं तर म्हणतात, "कशाला उगाच लोकांना त्रास." दुसरीकडे मावससासूबाई "हा मेसेज अकरा जणांना पाठवा, नाहीतर वाईट बातमी कळेल" असलं काहीतरी सासूबाईंना पाठवतात आणि त्या घाबरून पुढे ढकलतात. ग्रुपची अ‍ॅडमिन मी आहे. 'फॉरवर्ड बंद' असा नियम करू का? आणि एकाच गोष्टीचं एकाला एवढं प्रेम नि दुसऱ्याला एवढं हसू का, हेही कळत नाही.*

*एक सून, इंदिरानगर, नाशिक*

ताई,

तसा नियम करू नका. अण्णांचा गुलाब आणि मावशींचा अकरा जणांचा मेसेज, दोन्हींवर फॉरवर्डचा तोच छोटा बाण दिसतो खरा, पण गुलाब पाठवणारा काही मागत नाही आणि दुसरा मेसेज सरळ धमकी देतो. या दोघांना एकाच नियमात बांधलंत तर अण्णा तेवढे नियम पाळतील आणि मावशी काही पाळणार नाहीत. मावशींकडे मागून येते. आधी अण्णा.

एकदा अण्णांचा फोन हातात घ्या. ग्रुपवर त्यांनी टाकलेल्या जुन्या कुठल्याही गुलाबावर बोट दाबून धरा आणि Info उघडा. तिथं दोन याद्या दिसतील, Read by आणि Delivered to. कुणी किती वाजता पाहिलं तेही लिहिलेलं असतं. माझा अंदाज असा की अण्णांना ही यादी तुमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. सिडकोतली बहीण पहाटेच उठते, जावई कामावर जाताना बसमध्ये बघतो, पुण्याचा नातू दहाशिवाय उगवत नाही. ज्या माणसानं उभा जन्म शिफ्टची हजेरी लावली, त्याच्यासाठी ती यादी म्हणजे घरच्यांची सकाळची हजेरी असते. गुलाब हे निमित्त. गुलाबाऐवजी त्यांनी टमाट्याचा फोटो टाकला असता तरी हजेरी तशीच लागली असती.

यातली एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. निळ्या टिका दिसू नयेत म्हणून तरुण मंडळी सेटिंगमध्ये जाऊन Read receipts बंद करतात. ते फक्त एकेकट्याशी चाललेल्या गप्पांना लागू होतं. ग्रुपमध्ये ते बंद करताच येत नाही, तिथं पाहिलं की पाहिल्याची नोंद होतेच. म्हणजे तुमच्या पुतण्यानं टिका बंद ठेवल्या असतील, तर आजोबांना आपला नातू आज उठलाय, फोन हातात आहे, ठीक आहे, हे कळण्याची जागा एकच उरते. ती म्हणजे हा ग्रुप. तो आजोबांना रोज फोन करत असेल तर माझं म्हणणं मागे घेते. पण बहुधा नसावा.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. ज्यांना हे मेसेज आवडतात ते त्यातला मजकूर वाचतच नाहीत, ते नाव वाचतात. कुणाकडून आला, वेळेवर आला की नाही, एवढंच. ज्यांना हसू येतं ते मजकूर वाचतात आणि मजकूर खरोखरच हसण्यासारखा असतो. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रॉब्रियंड बेटांवर राहून आला होता. त्यानं १९२३ साली लिहून ठेवलंय की माणसांचं बरंचसं बोलणं काही सांगण्यासाठी नसतंच, नुसत्या शब्दांच्या देवाणघेवाणीतून एकमेकांशी धागा राखणं हाच त्याचा हेतू असतो. आपल्याला हे सांगायला त्या बेटांवर जायची गरज नाही म्हणा. रामकुंडावर पहाटे भेटणारे दोघेजण "काय, आलात का?" असं विचारतात, तेव्हा समोरचा आलेला दिसतच असतो. त्यावर "हो, दिसत नाही का?" असं उत्तर देणारा माणूस हुशार ठरत नाही, तुसडा ठरतो.

दसऱ्याला आपण सोनं देतो तेव्हा काय करतो ते आठवा. आपट्याचं पान द्यायचं, पाया पडायचं, आणि समोरच्यानं दिलेलं पान खिशात टाकून पुढच्या घरी जायचं. तिथं तेच पान आपण देतो. कुणी विचारत नाही की हे पान तू स्वतः तोडलंस की कालिकेच्या देवळाबाहेरून विकत आणलंस, की मघाशी मीच तुला दिलेलं परत आणलंस. फॉरवर्ड केलेलं सोनं चालतं, कारण पानाला किंमत नाही हे दोघांनाही माहीत असतं. अण्णांच्या पिढीनं फोनमधला गुलाब याच हिशेबात धरलाय. तो दुसऱ्याकडून आला होता, तिसऱ्याकडे गेला, यात त्यांना ओशाळण्यासारखं काही दिसत नाही.

आता पुतण्याची बाजू. ती खोटी नाही, म्हणून तिलाही नीट जागा देते.

त्याच्या पिढीला निरोपातून एक वेगळीच गोष्ट हवी असते, ती म्हणजे 'पाठवताना माझा विचार केला होतास का?' त्यांचं आपसात काय चालतं बघा. दिवसभर एकमेकांना रील पाठवतात. ते रील त्यांनी बनवलेलं नसतंच, तेही उचललेलंच असतं. पण 'हे बघून तुझी आठवण आली' असं म्हणून एकालाच पाठवलेलं असतं. अण्णांचा गुलाब एकाच वेळी चोवीस जणांना जातो, त्यात नातवासाठी म्हणून काही नाही. अण्णांच्या दृष्टीनं मात्र तो रोज जातो, यातच सगळं आलं. एकानं प्रेम निवडीत मोजलं, दुसऱ्यानं नेमात. दोघं आपापल्या मापानं दुसऱ्याचं मोजायला गेले की दुसरा तोकडाच भरणार.

शिवाय पैशाचा भाग आहे, आणि तो माणसं विसरतात. आपल्याकडे एसएमएस होते तेव्हा दिवाळी, नववर्ष अशा ठरावीक दिवशी कंपन्या स्वस्तातलं पॅक चालू देत नसत, प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण पैसे पडायचे. लोक त्याला ब्लॅकआउट डे म्हणायचे आणि आदल्या रात्रीच शुभेच्छा उरकून घ्यायचे. २०११ मध्ये तर फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली होती, पुढे ती २०० केली. आलेल्या निरोपाला तेव्हा खर्चाचं वजन होतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला, आणि अण्णांच्या वयाच्या कितीतरी लोकांच्या हातात पहिला स्मार्टफोन त्याच सुमारास आला. देवनागरी टाइप करायला बोटं वळत नव्हती, ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती होती, नातवंडं चुका काढतील ही भीती वेगळी. तयार चित्रानं ही सगळी अडचण एका टिचकीत सोडवली. पाठवणाऱ्याला ती सोय वाटली, घेणाऱ्याला फुकटेपणा वाटला.

आणि खरं सांगायचं तर थट्टेत अभिरुचीचा तोराही असतो. चमचमणारी अक्षरं, दव पडलेला गुलाब, चहाच्या कपातून निघणारी वाफ, खाली कुठल्याही वाक्याला चिकटवलेलं कुणा थोरामोठ्याचं नाव. हे 'गावंढळ' आणि काळ्या पार्श्वभूमीवरचं इंग्रजी वाक्य 'क्लासी', असा एक न बोललेला निवाडा त्यात आहे. कॉलेज रोडच्या कॅफेतल्या कॉफीचा फोटो रोज सकाळी स्टोरीला टाकणाऱ्यानं चहाच्या कपाला हसावं याची मला गंमत वाटते.

पण नातवाच्या स्टिकरवर जे लिहिलंय, ते थट्टा सोडली तर हिशेबाला धरून आहे. २०१८ च्या जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलनं याच विषयावर बातमी केली होती. भारतातले फोन का गोठतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना शुभ सकाळच्या चित्रांचा ढीग सापडला, आणि त्यांच्या फाइल्स गो या अ‍ॅपमध्ये अशी चित्रं हुडकून पुसायची सोय केली गेली. आपण साधा हिशेब मांडू. एक चित्र १५० केबीचं धरा आणि सगळ्या ग्रुपांत मिळून रोज २५ चित्रं येतात असं धरा. दिवसाला पावणेचार एमबी, वर्षाला साधारण १.३७ जीबी. ही नुसती चित्रं. त्यात मंत्र म्हणणारे नि पाकळ्या पडणारे व्हिडिओ आले की आकडा कुठल्या कुठे जातो, कारण असा एकेक व्हिडिओ डझनावारी चित्रांएवढी जागा खातो. कमी जागेच्या स्वस्त फोनवर हा ताण खरा असतो. गंमत अशी की सगळ्यात आधी फोन भरतो तो अण्णांचाच, कारण त्यांच्याकडे येणारेही तेवढेच असतात.

याला नियमाची गरज नाही, दहा मिनिटांची सेटिंग पुरते. ग्रुपच्या नावावर टिचकी मारा, Media visibility मध्ये जा आणि No निवडा. अँड्रॉइडवर एवढं केलं की ग्रुपमधली चित्रं गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये घुसत नाहीत. पण ती फोनमध्ये उतरतातच, म्हणून पुढचं पाऊल हवं. Settings मधून Storage and data मध्ये जा. Media auto-download खाली मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्हींसाठी Photos आणि Videos वरची खूण काढा. यापुढे चित्र धूसर दिसेल, टिचकी मारलीत तरच उतरेल. एक अट लक्षात ठेवा, हे सगळ्याच चॅटना लागू होतं, त्यामुळे मुलाच्या शाळेचा वेळापत्रकाचा फोटोही आपोआप उतरणार नाही. साठलेला ढीग उपसायला तिथंच Manage storage आहे. त्यात Forwarded many times आणि Larger than 5 MB असे दोन गठ्ठे फोन स्वतःच वेगळे काढून दाखवतो. पहिल्या गठ्ठ्यात सहसा पुसायला हात कचरावा असं काही नसतं, पण एकदा नजर टाका. कुणीतरी घरातल्याच जुन्या लग्नाचा व्हिडिओ तिथं जाऊन बसलेला मी पाहिलाय.

पहाटेची टिंगटिंग हा दुसरा त्रास. ज्याला नको त्यानं ग्रुप कायमचा म्यूट करावा. पण नुसता म्यूट आणि वर अर्काइव्ह करून आठ-आठ दिवस उघडलाच नाही, तर अण्णांच्या यादीत तो माणूस Delivered to मध्येच अडकून राहतो. म्हणून म्यूट करणाऱ्यांना एवढंच सांगा की दिवसातून एकदा ग्रुप उघडून बंद करा. वाचायची, उत्तर द्यायची सक्ती नाही. हजेरी लागते.

तिसरी तक्रार मला सगळ्यात रास्त वाटते, आणि तिच्याबद्दल अण्णांशी बोलायला हवं. नेमानं पाठवणारा माणूस पाठवण्याआधी वर काय चाललंय ते बघत नाही. ग्रुपवर रात्री कुणाच्या जाण्याची बातमी आलेली असते, खाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागलेली असते, आणि साडेपाचला त्याच्याच खाली हसरा सूर्य उगवतो. हे पाहून कुणी काही बोलत नाही, पण ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला ते लागतं. अण्णांना सांगताना 'असं टाकू नका' म्हणू नका. 'पाठवायच्या आधी वरचे दोन-तीन मेसेज बघत जा, काही वाईट घडलं असेल तर तुम्हालाच आधी कळायला हवं' असं म्हणा. थोरल्या माणसाला ही जबाबदारी वाटेल, बंधन वाटणार नाही.

आता त्यांना पुन्हा सुरू कसं करायला लावायचं. ग्रुपवर "अण्णा, तुमच्या मेसेजशिवाय करमत नाही" असलं काही लिहू नका. सगळ्यांसमोर हसू झालेल्या माणसाची सगळ्यांसमोर समजूत काढली की त्याला ते दुसऱ्यांदा लागतं. मग सगळे बदामाची रांग लावतील आणि अण्णा आणखी आत जातील. त्याऐवजी सकाळी चहाच्या वेळी सहज विचारा, "अण्णा, सिडकोच्या आत्यांचा काही निरोप? दोन दिवस ग्रुपवर दिसल्या नाहीत." अण्णा फोन काढतील, यादी बघायला जातील, आणि यादीच नाही हे त्यांच्या लक्षात येईल, कारण गेल्या आठवड्यात त्यांनी काही पाठवलेलंच नाही. पुढचं त्यांचं त्यांना ठरवू द्या.

एक सल्ला तुम्हाला चार ठिकाणांहून मिळेल: 'त्यांना सांगा, तयार चित्रं नकोत, स्वतः काढलेले गोदाकाठचे फोटो टाका.' माझं ऐकाल तर लगेच हे सुचवू नका. वरवर फार चांगलं वाटतं, पण त्याचा अर्थ 'तुमचं असणं पुरत नाही, काहीतरी बघण्यासारखं करून दाखवा' असा होतो. त्यांनी होऊन काढला फोटो तर उत्तम. नाही तर गुलाबच बरा.

महत्त्वाचे निरोप गुलाबांखाली गाडले जातात ही तुमची अडचण असेल, तर गुलाब हलवू नका, निरोप हलवा. 'घरचे निरोप' नावाचा वेगळा ग्रुप काढा, सेटिंगमध्ये मेसेज फक्त अ‍ॅडमिन पाठवू शकतील असं करा, आणि लग्न, दवाखाना, गॅसचा नंबर एवढंच तिथं टाका. अण्णांनाही अ‍ॅडमिन करा. जुना ग्रुप आहे तसा वाहू द्या.

आता मावशी आणि सासूबाई.

हा प्रकार फोनच्या आधीचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरी पोस्टकार्ड यायचं. वर 'जय संतोषी माँ' नाहीतर बालाजीचं किंवा साईबाबांचं नाव, खाली कुठल्यातरी गावात मूर्तीनं कौल दिल्याची गोष्ट, मग 'अमक्यानं अकरा कार्डं लिहिली, त्याला लॉटरी लागली. तमक्यानं कार्ड फाडलं, त्याचा मुलगा गेला', आणि शेवटी मुदत. बायका रात्री बसून अकरा कार्डं हातानं उतरवून काढायच्या. आणि डाकखात्याची तिकिटं, कार्डं, अंतर्देशीय पत्रं छापली जायची ती आपल्या नाशिकरोडला. अण्णांना विचारा, त्यांच्याकडे यावर गोष्टी असतील.

फोनवर आलेल्या मेसेजची घडण तंतोतंत तीच आहे, फक्त रात्र जागायची गरज उरली नाही. नाव देवाचं, नाहीतर सुप्रसिद्ध संस्थेचं. बक्षीस, धमकी, आकडा, मुदत. यातला कुठलाही भाग काढला तर साखळी चालत नाही. नुसतं 'देवीची कृपा असो' हा मेसेज कुणी अकरा जणांना पाठवत नाही. मुदत नसेल तर माणूस 'संध्याकाळी बघू' म्हणतो आणि विसरतो. धमकी नसेल तर पाठवण्याचा त्रास कोण घेईल? आणि धमकी असली की मनातल्या मनात सौदा होतो: पाठवायला अर्धं मिनिट, न पाठवल्यास कदाचित मुलाला काहीतरी. ती 'कदाचित' खोटी आहे हे कळत असूनही अर्धं मिनिट स्वस्त वाटतं. सासूबाई भोळ्या आहेत असं समजू नका, त्या हिशेबी आहेत.

त्या हिशेबातली चूक दाखवायची तर अशी. पहिल्या दिवशी एकानं अकरा जणांना पाठवलं. त्या प्रत्येकानं दुसऱ्या दिवशी नव्या अकरा जणांना, म्हणजे १२१. तिसऱ्या दिवशी १,३३१, चौथ्या दिवशी १४,६४१, पाचव्या दिवशी १,६१,०५१. सहाव्या दिवशी १७,७१,५६१. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १५ लाखांच्या आतच होती. म्हणजे साखळी कुणीच तोडली नसती तर सहाव्याच दिवशी पंचवटीपासून पाथर्डीपर्यंत तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला मेसेज गेला असता आणि तरी उरले असते. दहाव्या दिवशी पृथ्वी पुरली नसती. तसं होत नाही, याचा अर्थ बहुतेक लोक साखळी पहिल्या-दुसऱ्या हातातच तोडतात. आपल्या भोवताली साखळी तोडलेली माणसंच जास्त आहेत आणि ती सगळी सकाळी दूध आणायला जाताना दिसतात.

हे गणित तुमच्यासाठी आहे, पुतण्यासाठी आहे. सासूबाईंना ऐकवू नका. भीती आकड्यांनी आली नव्हती, ती आकड्यांनी जाणार नाही, आणि 'अंधश्रद्धा' हा शब्द काढलात तर त्या यापुढे तुमच्यापासून लपवून पाठवतील. त्यांना एवढंच म्हणा, "आई, असला मेसेज आला की अकरा जणांना कशाला, मला एकटीला पाठवा. पुढचं माझ्याकडे लागलं." म्हणजे त्यांचं पाठवणं झालं, मुदत पाळली गेली, आणि साखळी तुमच्या फोनमध्ये येऊन संपली. दोन-तीन महिन्यांनी त्या स्वतःच "आज पुन्हा आला गं तो" असं हसून सांगायला लागल्या, तर भीती उतरली समजा. मावशींना काही बोलू नका. त्यांनाही तो कुणीतरी भीतीनंच पाठवलेला असतो, आणि त्यांनी तो आपल्या जिवाभावाच्या माणसांनाच पाठवलाय.

मात्र एका जातीच्या मेसेजला सूट देऊ नका, आणि नियम करायचाच असेल तर एवढाच करा. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षुकी करत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. त्याच सुमारास मालेगावातही अशाच संशयावरून जमावानं घेरलेल्यांना पोलिसांनी वाचवलं. त्या अफवेचे मेसेज पुढे ढकलणारेही कुणी दुष्ट नव्हते. 'पोरांना सांभाळा' असं काळजीनं सांगणारी आपल्यासारखीच माणसं होती. देशभरच्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं मर्यादित केलं. 'फॉरवर्डेड' ही खूणही त्याच महिन्यात आली. 'पूर्वी एकदम सगळ्यांना जायचं, आता पाचच्या वर जात नाही, फोन बिघडलाय' अशी अण्णांनी कधी तक्रार केली असेल, तर कारण हे आहे.

दोन बाण दिसले की तो मेसेज मूळ माणसापासून निदान पाच हात पुढे आलेला असतो, आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण बाणावर विसंबू नका. तोच फोटो कुणी गॅलरीत सेव्ह करून नव्यानं पाठवला की बाण नाहीसा होतो, आणि कॉपी करून चिकटवलेल्या मजकुरालाही बाण नसतो. बाण नाही म्हणजे पाठवणाऱ्यानं स्वतः पाहिलंय, असं होत नाही. म्हणून नियम मजकुरावर ठेवा. मुलं पळवणं, औषधपाणी, बँक आणि अमुक समाजाबद्दलचा 'सावधान' मेसेज ग्रुपवर यायच्या आधी तुम्हाला किंवा अण्णांना विचारायचा. विचारायचं एकच: हे कधी घडलं, कुठे घडलं, आणि तुला कुणी सांगितलं, त्याचं नाव काय? 'काल', 'आपल्याच भागात' आणि 'एका पोलिस मित्रानं' अशी तीन उत्तरं आली तर मेसेज तिथंच ठेवायचा. अण्णांना या कामात घेतलंत तर बरं. गुलाबवाल्यांना मेसेज कुठून कुठे फिरतात हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

राहिला पुतण्या. त्याला रागावू नका, स्टिकर डिलीट करायलाही लावू नका. एवढ्या दिवसांनी ते सगळ्यांच्या फोनमध्ये जाऊन बसलंय. पुढच्या वेळी नाशिकला आला की त्याला म्हणा, आजोबांच्या शेजारी बस आणि फोटोवरून स्टिकर कसं करायचं ते त्यांना शिकव. त्याचा दहावीतला चष्म्याचा फोटो अण्णांच्या फोनमध्ये नक्की असणार.